प्रश्न मुलांचा, पारख शिक्षकांची

दहावीच्या ‘उष्णता’ या प्रकरणावर एखाद्या विद्यार्थ्याने लिहावा असा एक प्रश्न पाहू. ‘० अंश सेल्सिअस तापमानाचा १०० ग्रॅम बर्फ ६० अंश तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला. बाहेर उष्णता जात नाही असे मानल्यास मिश्रणाचे अंतिम तापमान किती असेल? बर्फाच्या वितळणाचा अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रतिग्रॅम आहे.’ खाली चार पर्याय: उणे १० अंश, ० अंश, १० अंश आणि ३० अंश. उत्तरसूचीत विद्यार्थ्याने पहिला पर्याय बरोबर ठरवला आहे.

वरवर पाहिले तर प्रश्न चांगला आहे. विषय अभ्यासक्रमातलाच आहे, भाषा सरळ आहे, आकडे सुटसुटीत आहेत, लागणारी माहिती सगळी दिलेली आहे. उत्तर मात्र चुकले आहे. गरम पाणी शून्य अंशापर्यंत उतरताना १०० गुणिले ६०, म्हणजे ६००० कॅलरी देऊ शकते. सगळा बर्फ वितळायला १०० गुणिले ८०, म्हणजे ८००० कॅलरी लागतात. तेवढी उष्णता पाण्याजवळ नाहीच. म्हणून ७५ ग्रॅम बर्फ वितळतो, २५ ग्रॅम तसाच उरतो आणि मिश्रण शून्य अंशावर थांबते. विद्यार्थ्याने सूत्र सरळ चालवले: सहा हजारांतून आठ हजार वजा केले, दोनशेने भागले आणि उणे दहा आले. शून्य अंशाचा बर्फ आणि त्याहून गरम पाणी एकत्र केल्यावर दोघांपेक्षाही थंड मिश्रण कसे होईल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

विद्यार्थ्यांकडून प्रश्न लिहून घेण्याची पद्धत अनेक शिक्षक वापरतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी ‘पीअरवाइज’ नावाची संगणकीय व्यवस्था याच कामासाठी उभी केली. तिच्यात विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्न लिहितात, उत्तराचे स्पष्टीकरण जोडतात, एकमेकांचे प्रश्न सोडवतात आणि त्यांचा दर्जा व काठिण्य यांवर मत देतात. आपल्याकडच्या वर्गात हेच काम पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदांवरही होते. प्रश्न गोळा करणे सोपे असते. अवघड असते ते त्यांची पारख करणे. ऐंशी कागदांचा गठ्ठा टेबलावर आला, की त्यातला कुठला प्रश्न चाचणीत घेण्यासारखा, कुठला दुरुस्त करून घेण्यासारखा आणि कुठला बाजूला ठेवण्यासारखा, हे ठरवायचे कसे?

त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात: अभ्यासक्रमाची व्याप्ती, मांडणीतली स्पष्टता आणि काठिण्य पातळीतला न्याय. त्या एका दमात तपासू नयेत, कारण तिन्हींची पद्धत वेगळी आहे. व्याप्ती संपूर्ण गठ्ठ्यावरून कळते, स्पष्टता एकेका प्रश्नावरून, आणि काठिण्य मात्र मुलांनी प्रश्न सोडवल्याशिवाय कळत नाही.

व्याप्ती: गठ्ठा मोजायचा

समजा, चाळीस मुलांच्या एका तुकडीने ‘उष्णता’ या प्रकरणावर प्रत्येकी दोन प्रश्न लिहिले. या लेखातली तुकडी आणि तिचे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. प्रकरणाचे ढोबळ पाच भाग करता येतात: अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, दवबिंदू व आर्द्रता, आणि विशिष्ट उष्माधारकता व उष्णता विनिमय. ऐंशी प्रश्न या पाच भागांत वाटले, तेव्हा असंगत आचरणावर २७ निघाले, विशिष्ट उष्माधारकतेवर २१, अप्रकट उष्म्यावर १९, दवबिंदू व आर्द्रतेवर ९ आणि पुनर्हिमायनावर फक्त ४.

यातला एकही प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा नसू शकतो. तरीही गठ्ठा कलता आहे. त्यातून डोळे मिटून वीस प्रश्न उचलले, तर पुनर्हिमायनावर एखादाच येईल किंवा येणारही नाही, आणि चार अंश तापमानाला पाण्याची घनता सर्वाधिक असते हे मात्र सहा वेगवेगळ्या शब्दांत विचारले जाईल. मुले असे का करतात हे उघड आहे. ठळक अक्षरांतली व्याख्या, लक्षात राहणारा आकडा, वर्गात करून दाखवलेला प्रयोग यांवर प्रश्न चटकन सुचतो. ज्या भागाचे आकलन कच्चे आहे, त्याकडे लेखणी वळतच नाही. म्हणून हा कल शिक्षकांना आणखी एक गोष्ट सांगतो. दवबिंदूवर नऊच प्रश्न आले आणि त्यांतले बहुतेक नुसत्या व्याख्या विचारत असतील, तर तो भाग पुन्हा शिकवावा लागेल का, हे पाहायला हवे.

इथे शिक्षकांच्या ओळखीचे साधन कामाला येते, ते म्हणजे संविधान तक्ता. आडव्या ओळींत प्रकरणाचे उपघटक, उभ्या स्तंभांत ज्ञान, आकलन आणि उपयोजन ही उद्दिष्टे. प्रत्येक प्रश्नासाठी योग्य चौकटीत एक रेघ ओढायची. उपघटकाचा गुणभार ठरवायला तासिकांचा आधार घेता येतो. प्रकरणाला दहा तासिका लागल्या आणि त्यांतल्या तीन अप्रकट उष्म्याला, तीन विशिष्ट उष्माधारकतेला, दोन असंगत आचरणाला आणि उरलेल्या दोन भागांना एकेक गेली, तर वीस प्रश्नांच्या चाचणीत त्यांचा वाटा सहा, सहा, चार, दोन आणि दोन असावा. हा हिशेब मुलांना आधीच सांगायला हरकत नाही.

उभे स्तंभ मोजले, की दुसरा कल दिसतो. आपल्या ऐंशी प्रश्नांत ५८ नुसती आठवण तपासणारे, १५ आकलनाचे आणि ७ उपयोजनाचे निघाले. मात्र प्रश्न कुठल्या स्तंभात टाकायचा हे त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरवू नये. ‘कारण द्या’ असे लिहिले, की आकलनाचा प्रश्न झाला असे नाही. ते कारण पुस्तकात शब्दशः छापलेले असेल, तर तो आठवणीचाच प्रश्न. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब का जमतात, हे पुस्तकातून पाठ करून सांगता येते. तीच बाटली पावसाळ्यात रत्नागिरीत आणि एप्रिलच्या दुपारी सोलापुरात बाहेर काढली तर थेंब कुठे जास्त जमतील, असे विचारले, की हवेतली आर्द्रता आणि दवबिंदू यांचा संबंध डोक्यात जुळवावा लागतो.

व्याप्तीची आणखी एक बाजू सहज निसटते. प्रश्नाचा विषय अभ्यासक्रमात असतो, पण उत्तर बाहेर असते. ‘बर्फ पाण्यापेक्षा हलका का?’ हा प्रश्न दहावीच्या मुलाला घनतेच्या आधारे सोडवता येतो. त्याच प्रश्नाच्या उत्तरसूचीत पाण्याच्या रेणूंमधल्या हायड्रोजन बंधांची रचना अपेक्षित असेल, तर शिकवणीत पुढचे शिकलेल्या दोघाचौघांनाच तो जमेल. म्हणून प्रश्न लिहिणाऱ्याने कागदाच्या मागे, हे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या परिच्छेदांच्या आधारे काढता येते, हे लिहावे. तो आधार दाखवता आला नाही, तर प्रश्न कितीही छान असला तरी या चाचणीसाठी नाही.

असा कल पुढच्या वेळी टाळायचा उपाय साधा आहे. ‘प्रकरणावर दोन प्रश्न लिहा’ असे न सांगता तक्त्यातल्या चौकटींच्या चिठ्ठ्या करून वाटाव्यात. एखाद्याच्या वाट्याला ‘पुनर्हिमायन, उपयोजन’ येईल. त्याला गाडीवरचा बर्फाचा गोळा आठवेल, चुरा दाबल्यावर तो एकसंध का होतो हे शोधावे लागेल, आणि ज्या भागाकडे तो कधी वळला नसता तो त्याला वाचावा लागेल.

स्पष्टता: लिहिणाऱ्याने गप्प बसायचे

आता एकेक प्रश्न हातात घेऊ. एका मुलीने लिहिले: ‘पाण्याचे तापमान वाढवल्यास काय होते? (अ) आकारमान वाढते (ब) आकारमान कमी होते (क) घनता वाढते (ड) यांपैकी नाही.’ तिच्या मते उत्तर ‘ब’ आहे, कारण तिच्या मनात शून्य ते चार अंशांमधले पाणी होते. कागदावर मात्र ते उतरले नाही. खोलीच्या तापमानाचे पाणी तापवले तर ‘अ’ बरोबर. शून्य ते चार अंशांचा विचार केला तर ‘ब’ बरोबर, आणि आकारमान घटले म्हणजे घनता वाढली, म्हणून ‘क’ही बरोबर. एकाच प्रश्नाला तीन प्रामाणिक उत्तरे निघतात.

हा दोष लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, कारण जे कागदावर नाही ते तिच्या डोक्यात आहे. शिक्षकांनाही तो कधीकधी दिसत नाही, कारण मुलीला काय म्हणायचे आहे हे त्यांना अनुभवाने कळते. म्हणून स्पष्टता तपासण्याची चांगली रीत म्हणजे प्रश्न तिसऱ्याच्या हाती देणे. उत्तरसूची झाकायची. सोडवणाऱ्याने आधी ‘मला काय विचारले आहे’ हे एका वाक्यात लिहायचे, मग पर्याय न पाहता उत्तराचा अंदाज करायचा आणि शेवटी पर्याय निवडायचा. तोवर लिहिणाऱ्याने एक अक्षरही बोलायचे नाही. ‘अगं, म्हणजे मला असं म्हणायचं होतं…’ असे तोंडून निघाले, की तिथेच प्रश्नातला गाळलेला भाग सापडतो. तो तोंडी न सांगता कागदावर आणायचा.

त्या मुलीने प्रश्न सुधारला: ‘० अंशाचे पाणी ४ अंशांपर्यंत तापवल्यास काय होते? (अ) आकारमान वाढते, घनता कमी होते (ब) आकारमान कमी होते, घनता वाढते (क) दोन्ही वाढतात (ड) दोन्ही कमी होतात.’ आता उत्तर एकच आहे. पण नवा दोष शिरला. पाण्याचे वस्तुमान तेवढेच आहे, त्यामुळे आकारमान आणि घनता एकाच दिशेने बदलूच शकत नाहीत. घनतेची व्याख्या माहीत असलेला मुलगा ‘क’ आणि ‘ड’ लगेच बाद करतो. दिसायला चार पर्याय, पण खरी निवड दोनांतच, म्हणजे न समजताही निम्मी शक्यता.

तिसऱ्या खेपेला प्रश्न असा झाला: ‘० अंशाचे पाणी १० अंशांपर्यंत सावकाश तापवले. या काळात त्याच्या आकारमानात कोणता बदल होतो? (अ) ते सतत वाढत जाते (ब) ते सतत कमी होत जाते (क) ते आधी कमी होते, मग वाढते (ड) ते आधी वाढते, मग कमी होते.’ आता चारही पर्याय खरे उमेदवार आहेत आणि प्रत्येक चुकीमागे एक ओळखीचा गैरसमज आहे. ‘अ’ निवडणारा पाण्याला इतर द्रवांसारखे समजतो. ‘ब’ निवडणाऱ्याला ‘असंगत’ एवढेच आठवते, चार अंशांची मर्यादा आठवत नाही. ‘ड’ निवडणाऱ्याला वळण आहे हे माहीत आहे, पण त्याची दिशा उलटी झाली आहे. चुकीचा पर्याय असा असावा, की तो निवडणाऱ्याचा विचार कुठे अडला हे शिक्षकांना कळावे. असे तीन पर्याय सुचत नसतील, तर दोनवर थांबावे. चार भरायचेच म्हणून ‘यांपैकी नाही’ जोडल्याने प्रश्न सुधारत नाही.

गणिती प्रश्नांत अस्पष्टता बहुधा न दिलेल्या माहितीत असते. ‘१०० ग्रॅम बर्फ वितळवायला किती उष्णता लागेल?’ बर्फ शून्य अंशावर असेल तर ८००० कॅलरी. तोच उणे दहा अंशांवर असेल, तर आधी शून्यावर यायला आणखी सुमारे ५०० कॅलरी लागतील, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या जवळपास निम्मी आहे. सोडवणारा जर ‘बर्फ शून्य अंशावर आहे असे मानून’ अशी सुरुवात करत असेल, तर ते मानणे प्रश्नानेच करायला हवे होते.

मराठीत लिहिलेल्या प्रश्नांना एक खास धोका असतो, तो लिंगाचा. ‘बर्फ वितळताना तापमान न वाढवता शोषला जाणारा ______’ अशी रिकामी जागा आणि खाली अप्रकट उष्मा, आर्द्रता, तापमान, घनता असे पर्याय. ‘शोषला जाणारा’ या पुल्लिंगी शब्दांत चारांपैकी एकच पर्याय बसतो. विज्ञानाचा एक शब्दही न वाचता मराठी येणारा कुणीही उत्तर देईल. विधान ‘बर्फ वितळताना तापमान न वाढता जी ऊर्जा शोषली जाते, तिला काय म्हणतात?’ असे केले, की हा इशारा जातो. मुले बरोबर पर्यायाची भाषा अधिक काळजीने घडवतात, त्यामुळे तो बहुधा सर्वांत लांब असतो. हा इशाराही पारखताना डोळ्यांनी शोधावा लागतो.

काठिण्य: अंदाज नको, चाचणी हवी

प्रत्येक कागदावर मुलाला आपला प्रश्न सोपा, मध्यम की कठीण हे लिहायला सांगावे. हा अंदाज गुण देण्यासाठी नसतो. तो नंतर खऱ्या निकालाशी ताडून पाहण्यासाठी असतो. स्वतः लिहिलेला प्रश्न स्वतःला सोपा वाटतो, कारण उत्तर हातात असते. उलट, कठीण प्रश्न लिहा असे सांगितले, की बरीच मुले संकल्पना तशीच ठेवून तिच्याभोवती काटे लावतात. १०० ग्रॅमऐवजी १३७.५ ग्रॅम, ६० अंशांऐवजी ६३.८ अंश, तीन ओळींचे एकच वाक्य, दुहेरी नकार, पुस्तकाच्या कोपऱ्यातल्या चौकटीतले एखादे नाव. अशा प्रश्नात मुले चुकतात, पण ती उष्णतेत चुकत नाहीत, गुणाकारात किंवा वाचनात चुकतात.

काठिण्य न्याय्य आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर एक प्रश्न विचारावा: ज्याला हा भाग नीट समजला आहे, तो इथे कशामुळे अडखळेल? ‘त्याला दोन पायऱ्या जोडाव्या लागतील’ किंवा ‘त्याला माहीत असलेले नव्या ठिकाणी वापरावे लागेल’ असे उत्तर असेल, तर काठिण्य न्याय्य. ‘त्याला वाक्य तीनदा वाचावे लागेल’ असे असेल, तर ते अन्यायाचे. प्रसंगाचाही विचार हवा. बर्फावर घसरण्याच्या खेळावरचा प्रश्न तो खेळ पडद्यावरही न पाहिलेल्या मुलाला आधीच एक अडसर घालतो. उसाच्या रसातला बर्फ मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी ओळखीचा आहे.

तरीही खरे काठिण्य सोडवणाऱ्यांवरूनच कळते. निवडलेले प्रश्न दुसऱ्या तुकडीला द्यावेत. लिहिणाऱ्यांच्याच वर्गात दिले, तर ज्याचा प्रश्न त्याला तो पाठ असतो. मग दोन साध्या गोष्टी मोजायच्या. पहिली, शंभरातले किती जण बरोबर आले. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजाने २५ टक्के येतातच, म्हणून २५ आणि १०० यांच्या मधला, म्हणजे साठीच्या आसपासचा आकडा मध्यम काठिण्याचा मानला जातो. आपल्या पाण्याच्या प्रश्नाला चाळीसपैकी चोवीस जणांनी बरोबर उत्तर दिले, म्हणजे ६० टक्के. चुकलेल्या सोळांपैकी नऊ जणांनी ‘अ’, चौघांनी ‘ब’ आणि तिघांनी ‘ड’ निवडले. तिन्ही पर्याय कामाचे ठरले, आणि ‘पाणी इतर द्रवांसारखेच वागते’ हा समज सर्वांत घट्ट आहे हेही कळले. लिहिणाऱ्या मुलीने मात्र कागदावर ‘सोपा’ असे लिहिले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे भेदकता. पूर्ण चाचणीतल्या गुणांनुसार मुलांचा क्रम लावायचा आणि वरचे २७ टक्के व खालचे २७ टक्के असे दोन गट घ्यायचे. हे प्रमाण ट्रुमन केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३९ साली सुचवले आणि ते आजही वापरात आहे. चाळीस मुलांत असे अकरा-अकरांचे गट होतात. पाण्याचा प्रश्न वरच्या गटात नऊ जणांना आला, खालच्या गटात चौघांना. फरक पाच, त्याला अकराने भागले की ०.४५. भेदकता जितकी जास्त, तितका तो प्रश्न समजलेल्या आणि न समजलेल्या मुलांना अधिक नीट वेगळे करतो. ती शून्याजवळ असेल, तर त्या प्रश्नाने काहीच सांगितले नाही.

आणि ती ऋण असेल तर? उणे दहा अंशांच्या प्रश्नाचे तसेच झाले. उत्तरसूचीप्रमाणे तपासल्यावर वरच्या अकरापैकी तिघांचे उत्तर बरोबर ठरले, खालच्या अकरापैकी सहाजणांचे. भेदकता उणे ०.२७. हुशार मुले ज्यात जास्त चुकतात, त्या प्रश्नाला कठीण म्हणून मोकळे होऊ नये. तिथे बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा प्रश्नाला दोन उत्तरे असतात. पर्यायांची मोजणी केली, तर वरच्या गटातल्या उरलेल्या आठही जणांनी ‘० अंश’ निवडलेले आढळले. उत्तरसूची दुरुस्त केल्यावर वरच्या गटात आठ आणि खालच्या गटात दोन उत्तरे बरोबर ठरली, आणि भेदकता ०.५५ झाली. जो प्रश्न फेकून दिला गेला असता, तो चाचणीतला सर्वांत गुणी प्रश्न निघाला. लिहिणाऱ्याची चूक ‘उणे १० अंश’ या पर्यायाच्या रूपाने आता फार उपयोगी पडते, कारण सूत्र चालवून उत्तराचा अर्थ न तपासणारा प्रत्येक जण त्याच पर्यायावर जाऊन पोचतो.

या आकड्यांच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हव्यात. अकरांच्या गटात एका मुलाचे उत्तर बदलले तरी भेदकता ०.०९ ने हलते. म्हणून ०.३५ आणि ०.४५ यांत वाद घालण्यात अर्थ नाही. एका तुकडीच्या आकड्यावरून प्रश्न बाद करू नये, त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावे. शिवाय आदल्या दिवशीच शिकवलेला भाग सोपा ठरतो आणि महिन्याभराने कठीण. आकडा प्रश्नाचा असतो, तसाच त्या वर्गाचा आणि त्या दिवसाचाही असतो.

गुण कशाला द्यायचे

विद्यार्थ्यांच्या प्रश्नलेखनाला गुण द्यायचे असतील, तर ते पहिल्या खर्ड्याला देऊ नयेत. पहिला खर्डा हा सुधारण्यासाठीच असतो. दहा गुणांची एक सोपी वाटणी करता येते: अभ्यासक्रमाशी मेळ आणि पाठ्यपुस्तकातला आधार यांना दोन, प्रश्नाच्या स्पष्टतेला तीन, उत्तर व त्याचे स्पष्टीकरण यांना तीन, आणि काठिण्याच्या कारणाला दोन. शेवटच्या दोन गुणांसाठी प्रश्न कठीण निघाला पाहिजे असे नाही. तो कुणाला आणि कुठे अडवेल, हे लिहिणाऱ्याने सांगितले पाहिजे. निकालाच्या टक्केवारीला गुण दिले, तर पुढच्या वेळी सगळेच १३७.५ ग्रॅम लिहितील.

स्पष्टीकरणाला प्रश्नाइतकेच वजन आहे, ते मुद्दाम. बरोबर पर्याय बरोबर का, हे सांगणे सोपे असते. प्रत्येक चुकीचा पर्याय चुकीचा का आणि तो कुणाला खरा वाटेल, हे लिहायला सांगितले, की मुलाला विषय उलगडावा लागतो. उणे दहा अंश लिहिणाऱ्या मुलाला ‘० अंश’ हा पर्याय का चूक, हे दोन ओळींत लिहावे लागले असते, तर तो तिथेच अडला असता. आपण बर्फ पूर्ण वितळला असे धरले आहे, हे त्याच्या ध्यानात आले असते. शिक्षकांनी तपासताना आधी स्पष्टीकरण वाचावे, प्रश्न नंतर. बऱ्याच चुका तिथे आधी दिसतात.

विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रश्न सराव चाचणीत आणि घटक चाचणीत खुशाल वापरावेत. ज्या परीक्षेच्या गुणांवर मुलाचे काही ठरते, तिथे मात्र ते जसेच्या तसे आणू नयेत. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना तो प्रश्न आधीच ठाऊक असतो, आणि मग काळजीने साधलेला न्याय त्या एका कारणाने वाया जातो. आकडे बदलले, प्रसंग बदलला, तरच तो तिथे चालेल. उदाहरणार्थ, ६० अंशांच्या जागी ९० अंश घेतले, तर पाण्याजवळ ९००० कॅलरी येतात, सगळा बर्फ वितळतो, उरलेल्या १००० कॅलरी दोनशे ग्रॅम पाण्यात वाटल्या जातात आणि उत्तर ५ अंश येते. एका आकड्याने प्रश्नाचा स्वभाव बदलला: आधीच्यात बर्फ वितळला का हे तपासावे लागत होते, इथे सूत्र सरळ चालते. आकडा बदलताना काठिण्यही बदलते, म्हणून बदललेला प्रश्न पुन्हा पारखावा लागतो.

शेवटी निवड शिक्षकांनाच करावी लागते. तक्ता कल दाखवतो, गप्प बसलेली लेखिका गाळलेला शब्द दाखवते, अकरा-अकरांचे गट चुकलेली उत्तरसूची दाखवतात. पुनर्हिमायनावरचे चार प्रश्न कमकुवत असतील, तर ते चाचणीत घ्यायचे की तो भाग पुन्हा शिकवून नवे लिहून घ्यायचे, हे मात्र यांपैकी काहीच सांगत नाही. मी दुसरी वाट निवडेन. वर्गाला जे विचारता येत नाही, ते वर्गाला अजून कळलेले नाही, आणि ते न कळलेले तसेच ठेवून घेतलेली चाचणी कितीही नीट तपासली तरी अपुरीच राहते.